रिपोर्टचे मेल कुणाला, किती वेळा आणि बंद कसे करायचे: दूध संघांच्या संगणक विभागासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या संघात ठरलेल्या वेळी आपोआप जाणारे रिपोर्ट आता कर्मचारी स्वतः निवडतात. कोणता हवा, किती दिवसांनी हवा आणि कधी थांबवायचा, हे त्यांच्या हातात आहे. ही सोय उभी करताना आम्ही ज्या चुका केल्या, त्यांच्याबद्दल इतर संघांतून फोन येत असतात. तीच उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

सगळे रिपोर्ट सगळ्यांना पाठवले तर बिघडतं काय? ज्याला नको तो वाचणार नाही.

आम्हीही असंच म्हणायचो. रोज सकाळी सात रिपोर्ट एकाच यादीला जायचे: संकलन, फॅट-एसएनएफ, नाकारलेलं दूध, टँकरची आवक, पशुखाद्याचा साठा, अ‍ॅडव्हान्सची वसुली आणि विक्री. एका शीतकरण केंद्राच्या सुपरवायझरला यातले दोनच कामाचे होते. कंटाळून त्यांनी मेलमध्ये नियम लावला आणि आमच्या पत्त्यावरून येणारं सगळं एका फोल्डरमध्ये जाऊ लागलं. त्यांच्याच भागातल्या एका संस्थेचं दूध सलग आंबट येत होतं आणि ते नाकारलेल्या दुधाच्या रिपोर्टमध्ये रोज छापलं जात होतं. त्यांना ते चौथ्या दिवशी कळलं, तेही टँकरच्या ड्रायव्हरकडून.

दोष त्यांचा नव्हता. एक रिपोर्ट बंद करायची सोय आम्ही दिली नव्हती, म्हणून त्यांनी सगळेच बंद केले. नको असलेला मेल माणूस थांबवतोच. तो कुठे थांबवायचा, आपल्या यंत्रणेत की स्वतःच्या इनबॉक्समध्ये, एवढंच आपण ठरवू शकतो. आपल्याकडे थांबवला तर आपल्याला कळतं. इनबॉक्समध्ये थांबवला तर कळत नाही.

निवडीच्या पानावर काय दाखवायचं?

त्या माणसाला बघायचा अधिकार आहे तेवढेच रिपोर्ट. प्रत्येकाचं नाव, त्यात काय असतं याची एक ओळ, कालच्या रिपोर्टचा नमुना आणि पुढे ‘किती वेळा’चा पर्याय. नमुना जरूर द्या. ‘संकलन तफावत गोषवारा’ या नावावरून आत काय आहे हे कुणालाच उमगत नाही. आमच्याकडे तीन जणांनी तो घेतला आणि उघडल्यावर कळलं की त्यांना हवा होता तो वेगळाच.

नवीन रिपोर्ट तयार झाला की तो सर्वांना आपोआप सुरू करायचा मोह आवरा. ज्या पदाला तो लागणारच आहे त्या पदाला सुरू करा, बाकीच्यांना पानावर दिसू द्या.

किती वेळा: दररोज, आठवड्याला, महिन्याला. एवढे पर्याय पुरतात का?

दूध संघात पुरत नाहीत. आपलं बिल दहा दिवसांचं असतं: 1 ते 10, 11 ते 20 आणि 21 ते महिनाअखेर. लेखा विभाग आणि संस्थांचे सचिव याच हिशोबाने विचार करतात. त्यांना आठवड्याचा रिपोर्ट दिला तर तो कोणत्याच बिलाशी जुळत नाही आणि मग ते दैनिक रिपोर्ट घेऊन हाताने बेरीज करत बसतात. आमच्याकडे दैनिक संकलन रिपोर्ट मागणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना खरं तर दहा दिवसांचाच हवा होता, पर्याय नव्हता म्हणून ते रोजचा घेत होते.

मात्र ‘दर 10 दिवसांनी’ असं मोजू नका. शेवटचा बिलकाळ कधी 10 दिवसांचा असतो, कधी 11, फेब्रुवारीत 8 किंवा 9. दिवस मोजत गेलात तर दोन महिन्यांत रिपोर्ट बिलापासून सरकतो. तारखेने बांधा: 1, 11 आणि 21 तारखेला, आधीच्या पूर्ण बिलकाळाचा.

आठवड्याचा रिपोर्ट म्हणजे सात दैनिक रिपोर्टची सरासरीच ना?

लिटर-किलोची बेरीज चालते. फॅटची सरासरी अशी काढली तर आकडा चुकतो, आणि आकडा चुकला की भांडण होतं.

एका संस्थेचं उदाहरण घ्या. एका दिवशी 900 किलो दूध 3.5 फॅटचं आलं, दुसऱ्या दिवशी 300 किलो 4.3 फॅटचं. दोन आकड्यांची साधी सरासरी 3.9 येते. पण पहिल्या दिवशीचं फॅट 31.5 किलो आणि दुसऱ्या दिवशीचं 12.9 किलो, म्हणजे 1200 किलो दुधात 44.4 किलो. खरं फॅट 3.7. बिल 3.7 ने निघणार आणि रिपोर्ट 3.9 म्हणणार. सचिव तो कागद घेऊन आला की उत्तर द्यायला तुम्हीच.

म्हणून जितके वेळेचे पर्याय द्याल, तितक्या वेळा मूळ नोंदींवरून नव्याने हिशोब होऊ द्या. तयार दैनिक रिपोर्टवरून मोठ्या काळाचा रिपोर्ट शिवू नका. आणि प्रत्येक रिपोर्टच्या डोक्यावर तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचा आहे हे ठळक छापा. तोच रिपोर्ट एकाकडे रोजचा आणि दुसऱ्याकडे बिलकाळाचा असला की फोनवर बोलताना दोघं वेगवेगळे आकडे वाचतात.

कुणी मधेच बदल केला तर मधले दिवस गळतात का?

गळू शकतात. समजा 14 तारीख बुधवार आहे आणि त्या दिवशी एकाने दहा दिवसांऐवजी साप्ताहिक रिपोर्ट निवडला. आधीचा रिपोर्ट 10 तारखेपर्यंतचा होता. साप्ताहिक रिपोर्ट सोमवार ते रविवारचा, म्हणून पुढचा 19 तारखेला येईल आणि तो 12 ते 18 चा असेल. 11 तारीख त्याच्या कोणत्याच रिपोर्टमध्ये नाही.

आम्ही यासाठी वेगळं गणित मांडलं नाही. बदल नोंदवताना पानावरच सांगतो: ‘तुमचा पुढचा रिपोर्ट 19 तारखेला, 12 ते 18 चा. 11 तारखेचा रिपोर्ट इथून उघडा.’ तेवढं पुरतं.

क्रॉनमध्ये तारखा बरोबर लिहिल्या, तरी दहा दिवसांचा रिपोर्ट एक दिवस उशिरा जातो. का?

सर्व्हरचं घड्याळ बघा. भाड्याने घेतलेले बरेच सर्व्हर यूटीसीवर चालतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे 5 वाजता पाठवायचं म्हणून तुम्ही हे लिहिलं असेल:

```
30 23 1,11,21 * *
```

सर्व्हरच्या 1 तारखेला रात्री साडेअकरा म्हणजे आपल्या 2 तारखेची पहाट. दुरुस्त करायला गेलात तर आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस लिहावा लागेल आणि साध्या क्रॉनमध्ये ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ थेट लिहिता येत नाही. सरळ मार्ग म्हणजे या कामाचं घड्याळ `Asia/Kolkata` ठेवा आणि `0 5 1,11,21 * *` लिहा.

वेळेपेक्षा मोठा प्रश्न माहिती पोहोचण्याचा आहे. संध्याकाळचं संकलन रात्री बंद होतं, पण लाइट गेलेल्या एखाद्या केंद्राचे आकडे सकाळी येतात. तोपर्यंत थांबायचं की आहे ते पाठवायचं? आम्ही सकाळी 9 पर्यंत थांबतो, मग पाठवतो, आणि आकडे न आलेल्या केंद्रासमोर ‘माहिती आलेली नाही’ असं छापतो. तिथे शून्य कधीच छापू नका. शून्य लिटर वाचून माणूस गाडी काढून केंद्रावर जातो.

‘बंद करा’ लिंकवर क्लिक केल्यावर काय व्हावं?

लॉगिन मागू नका. पासवर्ड आठवेना म्हणून मागे फिरलेला माणूस पुढच्या वेळी स्पॅमचं बटण दाबतो. लिंकमध्ये एक लांब, अंदाज बांधता न येणारं टोकन असावं आणि ते एका माणसाच्या एकाच रिपोर्टशी बांधलेलं असावं. `?user=214&report=7` अशी लिंक देऊ नका. 214 च्या जागी 215 लिहून कुणीही दुसऱ्याचा रिपोर्ट बंद करेल. आणि या टोकनने रिपोर्ट उघडता येऊ नये. त्याचं काम थांबवणं आणि पुन्हा सुरू करणं, एवढंच.

क्लिक केल्यावर एक छोटं पान उघडावं. त्यावर रिपोर्टचं नाव आणि तीन बटणं: ‘कमी वेळा पाठवा’, ‘महिनाभर थांबवा’, ‘बंद करा’. बटण दाबल्यावर काम संपलं. कारण विचारायचं तर नंतर विचारा आणि ते ऐच्छिक ठेवा. मधलं बटण मला फार मोलाचं वाटतं. रजेवर किंवा प्रशिक्षणाला जाणाऱ्या माणसाला रिपोर्ट कायमचा बंद करायचा नसतो.

कुणीही क्लिक केलं नाही, तरी एका सकाळी बऱ्याच जणांचे रिपोर्ट बंद झाले. हॅक झालं का?

बहुधा नाही. आमच्याकडे हेच झालं तेव्हा आम्ही दिवसभर घाबरून होतो. मेल आत येण्याआधी तपासणाऱ्या सुरक्षा यंत्रणा असतात. मेलमधली प्रत्येक लिंक त्या स्वतः उघडून बघतात, पलीकडे काही घातक नाही ना याची खात्री करायला. आमची लिंक पहिल्या आवृत्तीत उघडताक्षणीच रिपोर्ट बंद करायची. तपासनिसाने लिंक उघडली आणि आमच्या प्रोग्रॅमने तो माणसाचा निर्णय मानला.

ओळखायची खूण लॉगमध्ये दिसते. मेल पोहोचल्यापासून काही सेकंदांत बंद झाल्याची नोंद, अनेक जणांची एकाच मिनिटात, आणि सगळ्या मागण्या एकाच ठिकाणच्या आयपी पत्त्यांवरून. माणसं अशी वागत नाहीत. कुणी दुपारी बंद करतं, कुणी तीन दिवसांनी.

उपाय वरच्या उत्तरातच आहे. लिंक उघडणं म्हणजे `GET`. त्याने फक्त पान दिसावं, काहीही बदलू नये. बदल बटण दाबल्यावर, म्हणजे `POST` आल्यावरच. आधी चुकून बंद झालेले रिपोर्ट परत सुरू करताना मात्र सरसकट सुरू करू नका. त्यात खरोखर बंद केलेलेही असतील. आम्ही मेल पोहोचल्यापासून पहिल्या मिनिटातल्या नोंदी वेगळ्या काढल्या आणि त्या लोकांना एकेक फोन केला.

जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी बंद करण्याची लिंक दिसते. ती आपल्या रिपोर्टला लावता येईल?

लावावीच, कारण आपल्यातल्या अनेकांचा कामाचा पत्ता जीमेलवरचाच असतो. त्यासाठी मेलच्या हेडरमध्ये या दोन ओळी लागतात:

```
List-Unsubscribe: <https://reports.example.com/u/TOKEN>
List-Unsubscribe-Post: List-Unsubscribe=One-Click
```

पहिली ओळ 1998 पासूनच्या मानकात आहे. दुसरी 2017 मध्ये आली, आणि ती येण्याचं एक कारण वरच्या प्रश्नातलंच होतं: लिंक तपासणाऱ्या यंत्रणा लोकांना नकळत यादीतून काढत होत्या. दुसऱ्या ओळीमुळे मेल उघडणारा प्रोग्रॅम त्या पत्त्यावर थेट `POST` पाठवतो. इथे मधलं पान नाही, पुन्हा विचारणं नाही. आलेली मागणी लगेच अमलात आणायची. या मागणीसोबत कुकी येत नाही, म्हणून ओळख केवळ टोकनवरून पटवावी लागते. तुमचा प्रोग्रॅम प्रत्येक फॉर्मसाठी सुरक्षा टोकन मागत असेल तर या पत्त्याला त्यातून सूट द्या, नाहीतर मागणी नाकारली जाईल आणि वापरणाऱ्याला ते कळणारही नाही. शिवाय मेलवर डीकेआयएम सही हवी आणि त्या सहीत या दोन्ही ओळी यायला हव्यात.

दिवसाला 5000 पेक्षा जास्त मेल जीमेलला पाठवणाऱ्यांसाठी गूगलने 2024 मध्ये वर्गणीच्या आणि जाहिरातीच्या मेलना ही सोय सक्तीची केली. आपल्यासारख्या संघांचे रिपोर्ट त्या आकड्याच्या जवळपासही नाहीत. तरी लावा. स्पॅमची तक्रार आपल्या डोमेनच्या खात्यावर चढते आणि त्याच डोमेनवरून संस्थांना बिलंही जातात.

बंद केलेला रिपोर्ट काही दिवसांनी आपोआप पुन्हा येतो. असं का होतं?

सगळ्यात जास्त विश्वास याच चुकीने जातो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

बहुतेक ठिकाणी कुणी रिपोर्ट बंद केला की त्याची ओळ टेबलमधून पुसली जाते. रात्री आस्थापना विभागाच्या यादीवरून नवीन कर्मचारी जोडणारा प्रोग्रॅम चालतो. त्याला दिसतं की या सुपरवायझरकडे संकलन रिपोर्ट नाही, आणि पदाला तर तो ठरलेला आहे. तो ओळ पुन्हा घालतो. प्रोग्रॅमच्या दृष्टीने नवीन माणूस आणि नको म्हणालेला माणूस सारखेच, कारण नकाराची नोंदच कुठे नाही.

नकार हीसुद्धा माहिती आहे. ओळ पुसू नका, तिची स्थिती बदला. प्रत्येक माणसाच्या प्रत्येक रिपोर्टसाठी तीन शक्यता धरा: त्याने काहीच ठरवलेलं नाही, त्याने सुरू केला आहे, त्याने बंद केला आहे. पदावरून येणारी मूळ निवड फक्त पहिल्या शक्यतेला लागू. बदल कधी आणि कशातून झाला तेही लिहा: पानावरून, मेलमधल्या लिंकवरून की संगणक विभागाने केला. ‘माझा रिपोर्ट कुणी बंद केला?’ हा फोन येणारच आहे.

याचीच दुसरी बाजू नवीन आवृत्तीत दिसते. जुना रिपोर्ट सुधारून नव्या क्रमांकाने आणला की सर्वांच्या निवडी कोऱ्या होतात आणि बंद केलेल्यांना तो परत जातो. नवा क्रमांक देण्याआधी निवडी उतरवून घ्या.

आणि यादी कधी तपासता तेही बघा. आमचा प्रोग्रॅम पहाटे 4 ला कुणाला काय पाठवायचं ते ठरवून ठेवायचा आणि 9 ला पाठवायचा. साडेसातला बंद करणाऱ्याला त्या दिवशीचा मेल मिळायचाच. आता प्रत्येक मेल सुटण्याच्या क्षणी स्थिती पुन्हा वाचतो.

एकच रिपोर्ट दोनदा गेला तर?

अर्ध्यावर बंद पडलेला प्रोग्रॅम पुन्हा चालवला की असं होतं. पाठवल्याच्या नोंदीच्या टेबलला ही अट घाला आणि मेल पाठवण्याआधी तिथे ओळ घाला:

```
UNIQUE (report_id, user_id, period_start, period_end)
```

ओळ घालता आली नाही, तर त्या काळाचा रिपोर्ट आधीच हाताळला आहे. पाठवल्याच्या तारखेवर अट घालू नका. उशिरा गेलेला कालचा रिपोर्ट आणि आजचा रिपोर्ट एकाच तारखेला पडतात आणि एक अडकतो. ओळ घातली पण मेल सुटलाच नाही असंही होईल, म्हणून ‘ठरला’ आणि ‘गेला’ या स्थिती वेगळ्या ठेवा आणि अडकलेल्या ओळी रोज नजरेखालून घाला.

आलेला रिपोर्ट मी दुसऱ्याला पुढे पाठवला आणि त्याने ‘बंद करा’ दाबलं. आता?

तुमचा रिपोर्ट बंद झाला, कारण त्या मेलमधलं टोकन तुमचं आहे. हे पूर्णपणे टाळता येत नाही. म्हणून बंद झाल्यावर मूळ मालकाला एक छोटा मेल जातो: अमुक रिपोर्ट बंद झाला, तुम्ही केला नसेल तर इथून सुरू करा. बंद करणाऱ्याला आणखी मेल पाठवू नये असं काही जण म्हणतात. आमचा अनुभव उलट आहे, या एका मेलबद्दल आजवर तक्रार आली नाही. पण एकच, त्यानंतर शांतता.

काही रिपोर्ट बंद करताच येऊ नयेत. त्यांचं काय?

आधी खरंच किती आहेत ते मोजा. प्रत्येक विभागप्रमुखाला आपला रिपोर्ट सक्तीचाच वाटतो. आम्ही एकच प्रश्न विचारला: हा न वाचल्याने कोणतं काम अडेल? शेवटी दोन उरले, बिल निघण्याआधीची तफावत यादी आणि नाकारलेलं दूध.

हे दोन माणसाला नव्हे, पदाला बांधलेले आहेत. ते पद ज्याच्याकडे, त्याला रिपोर्ट. त्या मेलमध्ये ‘बंद करा’ नाही; त्याजागी हा रिपोर्ट तुम्हाला कोणत्या पदामुळे येतो आणि बदल हवा असल्यास कुणाला सांगायचं, ही ओळ आहे. लिंक देऊन आत ‘परवानगी नाही’ म्हणणं हा लोकांचा अपमान आहे. बाकीच्या ऐच्छिक रिपोर्टमध्ये शेवटच्या वाचकाने बंद केलं, की तो रिपोर्ट बनवणाऱ्या विभागाला कळवतो. बऱ्याचदा तो रिपोर्टच नको असतो.

कूलरमधलं दूध 4 अंशांवर राहत नसल्याचा इशारा मात्र या यादीत घालू नका. तो रिपोर्ट नाही. त्याला फोन किंवा एसएमएस हवा आणि तो वेगळ्या वाटेने जायला हवा, म्हणजे रिपोर्टांना कंटाळलेला माणूस चुकून इशारा बंद करणार नाही.

बदली झाली किंवा कुणी निवृत्त झालं तर?

रिपोर्ट कोणत्या केंद्राचा, हे निवडीत साठवू नका. पाठवताना त्या माणसाचं आजचं केंद्र बघा. नाहीतर 16 तारखेला बदलून गेलेल्या सुपरवायझरला जुन्या केंद्राचे आकडे येत राहतात आणि नव्या केंद्राचे येत नाहीत. बिलकाळाच्या मधे बदली झाली असेल तर 21 तारखेचा रिपोर्ट नव्या केंद्राचा, पूर्ण 11 ते 20 चा जातो. जुन्या केंद्राचा तिथे आता असलेल्या माणसाला.

सेवा संपली की त्या दिवसापासून सगळं थांबलं पाहिजे, आणि तेही अधिकाराच्या तपासणीतून, कुणाच्या आठवणीवर नाही.

केंद्राचा सामाईक मेल पत्ता आहे. तिघं वापरतात. एकाने बंद केलं तर तिघांचं बंद होतं.

अशा पत्त्याला व्यक्ती मानू नका. केंद्रप्रमुख त्याचा मालक. निवड तोच बदलतो आणि हेडरमधल्या त्या दोन ओळीही या मेलना लावत नाही. जमेल तिथे तिघांना स्वतंत्र पत्ते द्या.

मेल कुणी बघत नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच पीडीएफ टाकली तर?

ग्रुपवर प्रत्येकाला वेगळी निवड देता येत नाही, बदलून गेलेला माणूस ग्रुपमध्ये तसाच राहतो आणि एका संस्थेचे आकडे दुसऱ्या संस्थेच्या सचिवाला दिसतात. आम्ही ते बंद केलं. ज्यांना फोनवरच हवं होतं, त्यांना मेलच्या विषयाच्या ओळीतच मुख्य आकडा देतो: ‘संकलन 14 तारीख: गाय 8,240 किलो, फॅट 3.7’. काही सुपरवायझर तेवढंच वाचतात, आणि त्यातल्या दोघांनी नंतर स्वतःहून रोजचा रिपोर्ट सोडून दहा दिवसांचा घेतला.